बँकेच्या कर्जाचा ठराव: तीनदा लिहिला, एकदा वाचून दाखवला

आमची कंपनी म्हणजे कुपवाड एमआयडीसीत भाड्याचा एक गाळा, हळद दळायची दोन मशीन आणि तीन डायरेक्टर: काका, दादा आणि मी. दादा म्हणजे काकांचा मुलगा, मी पुतणी. नाव प्रायव्हेट लिमिटेड असलं तरी कारभार घरातलाच, कुणी काय ठरवलं ते जेवताना ठरलेलं असतं आणि कागदावर कधी येत नाही. त्यामुळे फेब्रुवारीत बँकेचं सँक्शन लेटर आलं तेव्हा आम्हाला वाटलं झालं काम, आता पैसे येतील आणि मार्केट यार्डात नवी हळद उतरायला लागली की आपण उभे राहू. लेटरमध्ये शेवटच्या पानावर एक ओळ होती, 'बोर्ड रिझोल्युशनची प्रत सादर करावी'. त्या एका ओळीने आमचे तीन आठवडे खाल्ले, आणि त्यातले निदान दीड आठवडा आमच्याच चुकीने गेले.

कर्ज असं होतं: कॅश क्रेडिट ६० लाख, माल घ्यायला, आणि टर्म लोन ३५ लाख, नवीन पल्व्हरायझर आणि पॅकिंग मशीनसाठी. एकूण ९५. तारण म्हणून स्टॉक, येणी आणि मशिनरी हायपोथिकेट, म्हणजे माल-मशीन आमच्याच ताब्यात पण बँकेला तारण, वर जोडीला काकांचं विश्रामबागचं घर आणि तिघांची पर्सनल गॅरंटी.

दादाने त्याच संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर टाकलं, 'बँकेचं लोन घेतोय, सगळ्यांनी ओके टाका'. काकांनी अंगठा टाकला, मी ओके टाकलं, दादा म्हणाला झाला ठराव, ह्याचा स्क्रीनशॉट लावू. मी आमच्या कंपनी सेक्रेटरींना, म्हणजे सीएस मॅडमना, फोन केला तर त्या आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, "अगं, कर्ज घेण्याचा ठराव सर्क्युलेशनने होत नाही." म्हणजे कंपनी कायदा २०१३ चं कलम १७९(३) आहे त्यात काही कामांची यादी दिलीय जी बोर्डाने मीटिंगमध्येच ठराव करून करायची, पैसे कर्जाऊ घेणं त्यात येतं. बाकी बरीच कामं कागद फिरवून सह्या घेऊन चालतात, हे नाही. बोर्डाला मीटिंगमध्ये ठराव करून तो अधिकार एमडी किंवा डायरेक्टरांच्या कमिटीकडे सोपवता येतो, पण तो सोपवायलासुद्धा आधी मीटिंगच लागते. त्यामुळे ग्रुपवरचा अंगठा बाद.

मग मी तेच केलं जे सगळे करतात, नेटवरून एक ठराव उतरवला, त्यात कंपनीचं नाव बदललं, आणि दुसऱ्या दिवशी लेटरहेडवर छापून बँकेत दिला. तो असा होता, थोडक्यात: 'कंपनीने बँकेकडून एक कोटी रुपयांपर्यंत कर्ज घ्यावे आणि कंपनीची स्थावर मालमत्ता गहाण ठेवावी, यासाठी सर्व संचालकांना संयुक्तपणे किंवा पृथकपणे अधिकार देण्यात येत आहेत.' एक कोटी मी मुद्दाम लिहिलं, म्हटलं थोडी जागा असू दे. दोन दिवसांनी पेन्सिलीने चार गोल करून कागद परत आला. शाखेतल्या ऑफिसरने रागावून नाही, पण कंटाळलेल्या आवाजात सांगितलं की सँक्शन ९५ चं आहे आणि तुमचा ठराव एक कोटीचा, आम्ही लीगलला काय दाखवायचं? तारण काय ते लिहिलं नाही, लिहिलं ते चुकीचं, कोण सही करणार ते नीट कळत नाही, आणि मीटिंग कधी झाली ते कुठंच नाही. चारही बरोबर होतं.

घराचा गोल तर माझ्या लक्षातच आला नव्हता. घर कंपनीचं नाहीच, काकांचं आहे. कंपनी जे स्वतःचं नाही ते गहाण टाकू शकत नाही, काकांनी स्वतः गहाण टाकायचं असतं आणि कंपनीच्या ठरावात फक्त एवढं लिहायचं की अमुक मालमत्ता ते कर्जाला तारण देणार आहेत, याची बोर्डाने नोंद घेतली. नेटवरच्या नमुन्यात कंपनीचीच मालमत्ता होती, मी डोळे झाकून तसंच ठेवलं.

ऑफिसरने जाता जाता एक सल्लाही दिला, "मॅडम, मीटिंगची तारीख मागची टाका ना, सँक्शनच्या दुसऱ्या दिवशीची, काय फरक पडतो." फरक असा पडतो की त्या तारखेला काका पुण्यात होते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ताईकडे, आणि उद्या वाद झाला तर त्या मिनिट्स लिहिणारी मी आणि खोटं पण मीच बोलणार. सीएस मॅडमनी स्पष्टच नाही म्हटलं. नोटीस काढायची, मीटिंग घ्यायची, खरी तारीख लिहायची.

नोटीस ७ तारखेला काढली, मीटिंग १५ ला. कलम १७३(३) प्रमाणे मीटिंगच्या निदान सात दिवस आधी प्रत्येक डायरेक्टरला लेखी नोटीस हवी, ईमेल चालतो. तातडीचं काम असेल तर कमी दिवसांचीही चालते, पण मॅडम म्हणाल्या की बँकेच्या वकिलाच्या डोळ्यात प्रश्न नको, सात दिवस मोजूनच देऊ. नोटीसमध्ये जागा, वेळ आणि विषय लिहायचा, आणि विषयात नुसतं 'कर्जाबाबत' नाही. आम्ही असं लिहिलं:

'विषय क्र. ३: बँकेच्या दि. २ फेब्रुवारीच्या मंजुरीपत्रानुसार रु. ९५ लाखांपर्यंतच्या कॅश क्रेडिट व टर्म लोन सुविधा स्वीकारणे, त्यांचे तारण देणे, आणि कर्जाची कागदपत्रे व खाते चालवण्यासाठी प्राधिकृत सहीदार नेमणे. मंजुरीपत्राची प्रत व ठरावाचा मसुदा सोबत जोडला आहे.'

मसुदा आधीच जोडणं हे मॅडमचं डोकं. ठरावाचा मजकूर मीटिंगपुढे ठेवलेला असेल तर मिनिट्स वहीत पूर्ण चढायच्या आधीसुद्धा त्या ठरावाची सर्टिफाइड कॉपी देता येते, नाहीतर वही होईपर्यंत थांबा.

काका पुण्यात, मग मीटिंग व्हिडिओवर. कायद्याने चालतं, कोरममध्येही धरतात, आमच्या तिघांत कोरम दोनचा. पण त्याला रोल कॉल असतो. म्हणजे प्रत्येकाने आपलं नाव, कुठून बोलतोय, अजेंडा आणि कागद मिळालेत, आणि आपल्याबरोबर खोलीत दुसरं कोणी मीटिंग ऐकत नाहीय, हे सांगायचं. काकांच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी, ते म्हणाले, "मी पुण्यातून बोलतोय, कागद मिळालेत, पण वाचता येत नाहीत, डोळा बंद आहे." शेवटच्या मुद्द्यावर ते थांबले आणि मागून काकू चहा घेऊन आल्या, दादा म्हणाला आईला बाहेर पाठवा आधी. काकू म्हणाल्या, "मला काय करायचंय तुमचं लोन ऐकून!" आणि गेल्या. रेकॉर्डिंग चालू होतं, ते सगळं त्यात आहे, आणि ते रेकॉर्डिंग त्या वर्षाचं ऑडिट होईपर्यंत तरी सांभाळून ठेवायचं असतं.

काकांना वाचता येत नव्हतं म्हणून मी मसुदा मोठ्याने वाचला. आणि खरं सांगायचं तर ह्या सगळ्या प्रकारातली कामाची गोष्ट तीच होती, कारण स्क्रीनवर मान हलवून पास करणं आणि कानाने एकेक शब्द ऐकणं ह्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. बँकेला प्रत इंग्लिशमधून द्यायची होती, पण काकांना इंग्लिशमधून कळलं नसतं तर त्यांनी हो म्हटलंच नसतं, म्हणून मी प्रत्येक कलम मराठीत लिहून नेलं होतं, तेच इथं देते.

पहिलं कलम रकमेचं:

'ठराव करण्यात येतो की, बँकेच्या दि. २ फेब्रुवारीच्या मंजुरीपत्रातील अटींवर कंपनीने बँकेच्या सांगली येथील शाखेकडून मुद्दल एकूण रु. ९५,००,०००/- (अक्षरी रुपये पंच्याण्णव लाख फक्त) यापेक्षा अधिक नाही इतके कर्ज घ्यावे, त्यात कॅश क्रेडिट रु. ६०,००,०००/- व टर्म लोन रु. ३५,००,०००/- असे असेल, आणि सदर मंजुरीपत्र सभेपुढे ठेवण्यात आले असून त्यातील अटी संचालक मंडळास मान्य आहेत.'

काका म्हणाले, "मुद्दल कशाला लिहायचं?" कारण व्याज आणि चार्जेस चढले की आकडा ९५ च्या वर जातो, आणि मग कुणी म्हणेल की बोर्डाने एवढं मंजूरच केलं नव्हतं. म्हणून मुद्दल. आणि 'यापेक्षा अधिक नाही' हे शब्द आम्हाला हवे होते, बँकेला नव्हे.

मसुद्याच्या शेवटी बँकेच्या छापील नमुन्यातून आलेली एक शेपटी होती: सदर सुविधांचे नूतनीकरण, वाढ किंवा फेरबदल स्वीकारण्याचाही अधिकार. वाचताना माझीच जीभ अडखळली. नूतनीकरण ठीक, कॅश क्रेडिट दरवर्षी रिन्यू होतंच, त्यासाठी दरवेळी मीटिंग नको. पण 'वाढ'? म्हणजे दीड वर्षाने बँकेने ६० चं ८० केलं आणि सहीदाराने मान्य केलं तर बोर्डाला विचारायची गरजच नाही, वरची ९५ ची मर्यादा ह्या एका शब्दाने मागच्या दाराने उडाली. काका म्हणाले, "तो शब्द खोड." खोडला. बँकेने नंतर विचारलं, हे का काढलंत, म्हटलं वाढ हवी तेव्हा नवा ठराव देऊ, त्यांनी मान्य केलं. छापील आहे म्हणजे बदलत नाही असं काही नसतं.

तारणाचं कलम लांब आहे पण सरळ. कंपनीचा सध्याचा व भविष्यातला कच्चा माल, तयार माल, येणी यांवर कॅश क्रेडिटसाठी, आणि टर्म लोनमधून घ्यायच्या मशिनरीवर टर्म लोनसाठी, हायपोथिकेशनचा चार्ज, म्हणजे बोजा, बँकेच्या नावे निर्माण करण्यास मंजुरी. त्यानंतर वेगळ्या वाक्यात घर:

'नोंद घेण्यात येते की, संचालक श्री. (काकांचं पूर्ण नाव) हे त्यांच्या मालकीची मंजुरीपत्रात वर्णन केलेली निवासी मिळकत तारण म्हणून देणार असून तिन्ही संचालक वैयक्तिक हमी देणार आहेत, आणि या तारण व हमीपोटी कंपनी कोणत्याही संचालकास कमिशन वा मोबदला देणार नाही.'

कमिशनचं वाक्य सँक्शन लेटरमधल्या अटीतून आलं होतं, ते तिथून उचलून इथे घातलं. काकांनी ते दोनदा वाचायला लावलं. "म्हणजे घर माझं, आणि मला एक रुपया नाही?" दादा म्हणाला, "बाबा, कंपनी पण तुमचीच आहे ना." मग थोडा वेळ कुणी बोललं नाही. मी मिनिट्समध्ये लिहिलं, 'श्री. (काका) यांनी आपली मिळकत तारण म्हणून देण्यास संमती असल्याचे सभेत सांगितले'. रुसवा मिनिट्समध्ये लिहीत नाहीत.

आता सहीदारांचं कलम, जे नेटवरून उतरवलेल्या ठरावात सगळ्यात छोटं होतं आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त वेळ ह्यातच गेला. मी वाचलं, "श्री. दादा आणि श्रीमती मी यांना संयुक्तपणे किंवा पृथकपणे..." तेवढ्यात काका म्हणाले, थांब. "पृथकपणे म्हणजे?" म्हटलं वेगवेगळं, एकट्यानेही. "मग दादा एकटाच सही करून साठ लाख उचलू शकतो?" दादाने माझ्याकडे पाहिलं. शब्दशः वाचलं तर हो, उचलू शकतो. संयुक्तपणे किंवा पृथकपणे म्हणजे 'किंवा', आणि किंवा असलं की बँक सोयीचं घेते. "आणि तू पण?" हो, मी पण. "मग दोघांची नावं लिहायचा उपयोग काय?"

उपयोग नव्हताच. आम्ही ते कलम तिथल्या तिथं तीन तुकड्यांत फोडलं, कारण खरं तर ही तीन वेगळी कामं आहेत. कर्जाचे कागद, म्हणजे लोन अॅग्रीमेंट, हायपोथिकेशन डीड वगैरे, एकदाच सही होतात आणि कंपनीला बांधून टाकतात. खातं रोज चालतं. आणि दरमहा स्टॉक स्टेटमेंट, सरकारी फॉर्म ही तशी कारकुनी कामं आहेत, तिथं दोन सह्या मागायला लागलो तर महिना संपेल. असं झालं, त्यात डिन म्हणजे डायरेक्टरचा ओळख क्रमांक:

'पुढे ठराव करण्यात येतो की, (१) कर्जाचे करारनामे, हायपोथिकेशनचे दस्त व मंजुरीपत्राच्या स्वीकृतीवर कंपनीतर्फे सही करण्यासाठी श्री. (दादा), संचालक, डिन ........, व श्रीमती (मी), संचालिका, डिन ........, यांना संयुक्तपणे, म्हणजे दोघांच्या सहीने, प्राधिकृत करण्यात येत आहे. (२) कॅश क्रेडिट खात्यातून एका व्यवहारात रु. २,००,०००/- पर्यंतच्या रकमेसाठी वरीलपैकी कोणाही एकाची, व त्यापेक्षा अधिक रकमेसाठी दोघांचीही सही आवश्यक राहील. (३) स्टॉक स्टेटमेंट, विमा, व रजिस्ट्रार ऑफ कंपनीजकडे चार्ज नोंदणीचे फॉर्म यांवर वरीलपैकी कोणीही एक सही करू शकेल.'

'म्हणजे दोघांच्या सहीने' हे शब्द वकिलाला फालतू वाटतील. ते काकांसाठी आहेत, आणि पुढं शाखेत नवीन आलेल्या कुणासाठीही. इंग्लिश प्रतीतही 'जॉइंटली' च्या पुढे तेच लिहिलं.

नावं कशी लिहायची ह्यावर एक सांगते. दादाचं नाव पॅनवर तीन शब्दांचं, मधे वडिलांचं नाव पूर्ण, आणि रबरी शिक्क्यावर आद्याक्षर. मी ठरावात शिक्क्यासारखं लिहिलं होतं, मॅडमनी पॅनसारखं करायला लावलं आणि खाली नमुना सह्यांचा तक्ता जोडला: नाव, पद, डिन, नमुना सही. ठरावातलं नाव, केवायसीमधलं नाव आणि नमुना सही तिन्ही एकाच माणसाची वाटली पाहिजेत, एवढाच त्यामागचा हिशेब.

शेवटी जुन्या ठरावाचं कलम, जे कुणी लिहीत नाही. आमचं करंट खातं सात वर्षांपूर्वी उघडलं तेव्हा काकू डायरेक्टर होत्या, सहीदारही त्या. नंतर त्यांनी राजीनामा दिला, पण बँकेत तो ठराव तसाच पडून होता. नवीन ठरावात फक्त नवीन नावं लिहिली तर जुनी आपोआप जातात असं आम्ही धरून चाललो होतो, ऑफिसर म्हणाला नाही जात, तसं लिहून द्या. म्हणून:

'या ठरावापूर्वी बँकेस दिलेले खाते चालवण्याबाबतचे सर्व ठराव रद्द समजावेत, आणि बँकेस बदलाची लेखी सूचना मिळेपर्यंत हा ठराव अमलात राहील.'

काका म्हणाले, "तिला सांगू नका हं, रद्द म्हटलं म्हणून चिडेल." हेही रेकॉर्डिंगमध्ये आहे.

दुरुस्त्या करून पूर्ण मजकूर मी स्क्रीनवर दाखवला, पुन्हा वाचला, मग तिघांनी एकेक करून हो म्हटलं. मजकूर मीटिंगमध्ये बदलला तर बदललेलाच मजकूर पुढे ठेवून मंजूर व्हायला हवा, नाहीतर नोटीसबरोबर गेलेला वेगळा आणि बँकेत गेलेला वेगळा अशी पंचाईत होते.

मिनिट्स मी त्याच रात्री लिहिल्या. ह्यात साहित्य नको. सुरुवात अशी:

'(कंपनीचे नाव) च्या संचालक मंडळाची चालू आर्थिक वर्षातील पाचवी सभा, गुरुवार दि. १५ फेब्रुवारी रोजी सकाळी ११ वाजता कंपनीच्या कुपवाड येथील कार्यालयात सुरू झाली. उपस्थित: श्री. (दादा), सभेचे अध्यक्ष, श्रीमती (मी), श्री. (काका), व्हिडिओद्वारे, पुणे येथून. गणसंख्या पूर्ण असल्याचे अध्यक्षांनी सांगितले व ती सभा संपेपर्यंत कायम होती.'

मग मागच्या मिनिट्सची नोंद, मग कर्जाचा विषय: आधी दोन वाक्यांत पार्श्वभूमी, मंजुरीपत्र आणि मसुदा सभेपुढे ठेवला, चर्चा होऊन मसुद्यातील सुविधावाढीचा अधिकार वगळण्यात आला व सहीचे अधिकार विभागण्यात आले, आणि मग ठराव जसाच्या तसा, एक शब्द इकडचा तिकडे न करता, शेवटी 'एकमताने मंजूर', आणि किती वाजता संपली ते. मसुदा तिघांना पंधरा दिवसांच्या आत पाठवायचा, शेरे घ्यायचे, आणि मीटिंगपासून तीस दिवसांत नंबर घातलेल्या पानांच्या वहीत चढवायचा. प्रत्येक पानावर अध्यक्षाची आद्याक्षरी सही, शेवटच्या पानावर पूर्ण सही आणि तारीख. छापून वहीत चिकटवायचं नाही, हे मला माहीत नव्हतं, मागची तीन वर्षं आम्ही तेच करत होतो, मॅडमनी ती वही पाहून कपाळावर हात मारला.

सर्टिफाइड कॉपी लेटरहेडवर काढली, वर 'दि. १५ फेब्रुवारी रोजी झालेल्या सभेत मंजूर झालेल्या ठरावाची सत्यप्रत', खाली दादाची सही. परत आली! कारण दादा स्वतः सहीदार, त्याने स्वतःलाच अधिकार दिल्याचं स्वतःच प्रमाणित केलं. बँकेला सहीदार नसलेला डायरेक्टर हवा होता. कायद्यात असं लिहिलेलं मला सापडलं नाही, पण बँकेची सवय आहे आणि त्यामागे अर्थही आहे. उरले काका, ते पुण्यात. तीन दिवस थांबलो, काका आले, पट्टी निघाली होती, त्यांनी मिरजेला उतरल्या उतरल्या गाडीतच चष्मा लावून सगळं वाचलं आणि सही केली.

मधे बँकेच्या चेकलिस्टवर अजून एक रकाना होता, शेअरहोल्डरांचा स्पेशल रिझोल्युशन, कलम १८०(१)(क). ते कलम म्हणतं की कंपनीचं कर्ज भांडवल आणि राखीव निधी वगैरे धरून होणाऱ्या रकमेच्या वर जात असेल तर सभासदांचा विशेष ठराव लागतो, आणि आमचं भांडवल तर १० लाखांचं. मी घाबरले. मॅडमनी शांतपणे सांगितलं की ५ जून २०१५ च्या अधिसूचनेने प्रायव्हेट कंपन्यांना ह्या कलमातून सूट आहे, फक्त वार्षिक विवरणं वेळेवर भरलेली हवीत, आणि ती आपली भरलेली आहेत. त्यांनी तसं एक पत्र दिलं, बँकेने लावलं, रकाना बंद. पब्लिक कंपनी असती तर खरंच सभा लागली असती.

२१ ला कागदांवर सह्या झाल्या. त्यानंतर तीस दिवसांत सीएचजी-१ भरायचा, म्हणजे चार्जची नोंद, त्यावर कंपनीची आणि बँकेची दोन्ही डिजिटल सही लागते, उशीर झाला तर फी वाढत जाते. त्यात फक्त स्टॉक, येणी, मशिनरी आली, काकांचं घर नाही, कारण ते कंपनीचं नाही. त्या फॉर्मला ठरावाची प्रत जोडली, तिसरा कलमांश आधीच लिहिलेला होता म्हणून मी एकटीने सही केली.

आणि मग हळद. मार्चमध्ये यार्डात एक चांगला लॉट मिळाला, राजापुरी, अडत्याला दोन लाख चाळीस हजार लगेच आरटीजीएस करायचे होते, आणि दादा तासगावला द्राक्षवाल्याकडे. दोन सह्या. फॉर्म हातात घेऊन मी शाखेच्या काउंटरपाशी पाऊण तास उभी, अडत्याचे फोनवर फोन, शेवटी दादा आला, सही केली, पैसे गेले. संध्याकाळी काकांना म्हटलं, दोन लाख फार कमी ठेवलेत, पाच करायला पाहिजेत. दादा म्हणाला बँकेत एक पत्र देऊन टाकू. पत्राने होत नाही, ठराव बोर्डाने केलाय तर बदलायलाही बोर्डच लागतं. काका म्हणाले, "मग नोटीस काढ. सात दिवस मोजून."

काढली आज.